बारस कधी सोडायची? एकादशीच्या पारण्याचे गणित आणि इतिहास

सातारा-सांगलीकडच्या घरांतून एकादशीबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘यंदा एकादशी दोन दिवस का लिहिली आहे?’ आणि दुसरा, ‘एकादशी पहाटेच संपली, मग उपास अजून का सोडायचा नाही?’ प्रश्न दोन असले तरी उत्तर एकच आहे आणि ते एकादशीत नसून द्वादशीत आहे. आपल्याकडे बायका ‘बारस सोडायची’ म्हणतात, त्या शब्दातच हे उत्तर दडले आहे. उपास एकादशीचा, पण सोडायची ती बारस. पुढे आपण पाहू की पारण्याची वेळ ही उपासानंतर येणारी गोष्ट असली, तरी कित्येकदा उपासाचा दिवसच तिच्यावरून ठरतो.

‘पारण’ हा शब्द पार पाडणे, तडीस नेणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. व्रत सुरू करणे हे जसे कर्म, तसेच ते तडीस नेणे हेही कर्म. म्हणून धर्मशास्त्राने एकादशीचे व्रत एका दिवसाचे मानले नाही, तर तीन दिवसांचे मानले. दशमीला एकदाच जेवायचे, एकादशीला दोन्ही वेळा नाही आणि द्वादशीला पुन्हा एकदाच. तीन दिवसांच्या सहा जेवणांपैकी चार सोडायची, असा हा हिशेब आहे. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो, काही उपास त्याच संध्याकाळी सुटतात. एकादशीचा मात्र त्या रात्री सुटत नाही, कारण द्वादशीचे ते एक जेवण हे व्रताबाहेरचे नसून व्रताचाच शेवटचा भाग आहे. पारणे दुसऱ्या दिवशी का, याचे मूळ कारण हे.

तिथी आणि वार एका मापाचे नाहीत

गोंधळ सुरू होतो तो तिथीच्या मापामुळे. वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणजे साठ घटकांचा. एक घटका चोवीस मिनिटांची. तिथी मात्र सूर्योदयाशी बांधलेली नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती रोज सारखी नसते, त्यामुळे हे बारा अंश तोडायला त्याला कधी वीस तास लागतात, तर कधी पावणेसत्तावीस तासांच्या आसपास. म्हणून तिथी दुपारी सुरू होऊ शकते, मध्यरात्री संपू शकते. एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तिला आपण वृद्धी म्हणतो. एखादी एकही सूर्योदय पाहत नाही, तिला क्षय म्हणतो.

उपास तिथीचा, पण माणूस जगतो वारात. या दोन मापांचा मेळ कसा घालायचा, याची उत्तरे धर्मशास्त्रकारांनी शतकानुशतके शोधली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त या विषयाला मोठी जागा दिली. १६१२ मध्ये काशीच्या कमलाकर भट्टांनी ‘निर्णयसिंधु’ लिहिला. महाराष्ट्रात घरोघरच्या भटजींच्या हाती राहिला तो मात्र ‘धर्मसिंधु’. पंढरपूरला स्थायिक झालेल्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी तो शके १७१२, म्हणजे १७९०-९१ मध्ये पूर्ण केला. मोठमोठी मतमतांतरे बाजूला ठेवून ‘काय करायचे’ एवढेच सांगणारा ग्रंथ म्हणून तो चालला. आजही पंचांगातल्या एकादशीपुढे ‘स्मार्त’ किंवा ‘भागवत’ असे लिहिलेले असते, त्यामागे बहुधा याच ग्रंथाची वाट असते.

पारण्याच्या दोन कडा

पारण्याला एक मोकळा अवकाश असतो. त्याला अलीकडची एक कड आहे आणि पलीकडची एक.

पलीकडची कड म्हणजे द्वादशीचा शेवट. पारणे द्वादशी असतानाच व्हायला हवे. ती उलटून त्रयोदशीवर गेले तर दोष मानला आहे. अलीकडची कड दुहेरी आहे. एक म्हणजे सूर्योदय, कारण उपासाची रात्र सरल्याखेरीज पारणे नाही. दुसरी म्हणजे हरिवासर. द्वादशीचा पहिला चतुर्थांश हा हरीचा दिवस मानला आहे आणि तो संपेपर्यंत अन्न घ्यायचे नाही. एकादशी संपताक्षणी उपास सुटत नाही, तो या हरिवासरामुळे.

एक सोपे उदाहरण घेऊ. २०२३ ची आषाढी एकादशी २९ जूनला होती. त्या पहाटे ३ वाजून १८ मिनिटांनी एकादशी लागली आणि ३० जूनच्या पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी संपली. द्वादशी तेथून १ जुलैच्या पहाटे १ वाजून १६ मिनिटांपर्यंत. म्हणजे द्वादशीची लांबी झाली २२ तास ३४ मिनिटे आणि तिचा चतुर्थांश ५ तास ३८ मिनिटे. हे २.४२ मध्ये मिळवले की ८.२० येतात. साताऱ्याला ३० जूनचा सूर्योदय ६.०२ च्या सुमाराचा. तेव्हा सूर्य उगवला, द्वादशी लागून तीन तास झाले, तरी ८.२० पर्यंत पारणे नाही. पारण्याला दिवसाचा पहिला पाचवा भाग, म्हणजे प्रातःकाळ, उत्तम मानतात. त्या दिवशी तो साधारण ८.४० ला संपत होता. म्हणून शास्त्राप्रमाणे सर्वांत चांगला अवकाश होता फक्त वीस मिनिटांचा. त्यानंतर पारणे चालत नाही असे नव्हे. द्वादशी दिवसभर होती. पण सकाळी साडेसहाला चहा-पोहे घेऊन ‘बारस सोडली’ म्हणणाऱ्यांनी हरिवासरातच ती सोडली होती.

पुढच्या वर्षी, १७ जुलै २०२४ च्या आषाढीला, असे काही झाले नाही. एकादशी रात्री ९.०२ ला संपली, हरिवासर पहाटे तीनच्या आसपास उलटून गेला आणि १८ तारखेला सूर्योदयापासूनच वाट मोकळी होती. म्हणजे एकच आषाढी, पण एका वर्षी थांबावे लागते आणि दुसऱ्या वर्षी नाही. नियम बदललेला नसतो. द्वादशी केव्हा लागली ते बदललेले असते.

आळंदीच्या एकादशीची तीन दिवसांची कथा

आता अवघड उदाहरण. कार्तिक वद्य एकादशी ही उत्पत्ती एकादशी. वारकऱ्यांची ती आळंदीची एकादशी. २०२३ मध्ये ती स्मार्तांनी ८ डिसेंबरला आणि भागवतांनी ९ डिसेंबरला धरली. सातारा-सांगलीच्या अनेक गल्ल्यांत एका घरी शुक्रवारी साबुदाणा भिजला आणि शेजारी शनिवारी. यात चूक कोणाचीच नव्हती.

त्या वर्षीचे आकडे असे. एकादशी लागली ८ डिसेंबरच्या पहाटे ५.०६ ला आणि संपली ९ डिसेंबरच्या सकाळी ६.३१ ला. द्वादशी तेथून १० डिसेंबरच्या सकाळी ७.१३ पर्यंत. साताऱ्याचा सूर्योदय ८ तारखेला ६.५३, १० तारखेला ६.५४ च्या सुमाराचा. जुन्या पद्धतीच्या पंचांगात ८ तारखेपुढे एकादशी ५९ घटका ५ पळे अशी दिसली असती, म्हणजे सूर्योदयापासून २३ तास ३८ मिनिटे. ९ तारखेची द्वादशी पुऱ्या ६० घटका, आणि १० तारखेला ती जेमतेम ४७ पळे उरलेली.

पहिली परीक्षा दशमीच्या वेधाची. सूर्योदयाआधीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, हा अरुणोदय. त्यात दशमीचा स्पर्श असेल तर वैष्णव ती एकादशी टाकतात. साताऱ्याला ८ तारखेचा अरुणोदय ५.१७ ला सुरू झाला आणि दशमी ५.०६ लाच संपली होती. अकरा मिनिटांनी एकादशी शुद्ध ठरली. भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी आली की ‘दशमीचा वेध असेल’ असे सरसकट सांगितले जाते. येथे तो वेध नव्हता. तरीही वारकऱ्यांचा उपास पुढे गेला.

कारण दुसरी परीक्षा. धर्मसिंधूत शुद्ध एकादशीचे चार प्रकार केले आहेत: एकादशी किंवा द्वादशी यांपैकी कोणतीच दुसऱ्या सूर्योदयावर उरत नाही, फक्त एकादशी उरते, फक्त द्वादशी उरते, किंवा दोन्ही उरतात. आपले उदाहरण तिसऱ्या प्रकारातले. द्वादशीने ९ आणि १० असे दोन्ही सूर्योदय पाहिले. अशा वेळी स्मार्तांनी पहिल्या दिवशी, एकादशीलाच, उपास करावा आणि वैष्णवांनी दुसऱ्या दिवशी, द्वादशीलाच, करावा असा निर्णय आहे.

एकादशी नसलेल्या दिवशी एकादशीचा उपास, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण यामागची विचारसरणी पारण्यातून पाहिली की उलगडते. ९ तारखेला उपास केला तर १० तारखेला पारण्यासाठी द्वादशी मिळते का? मिळते. मग उपासाला दशमीपासून पूर्ण दूर असलेला दिवस मिळतो आणि पारणेही द्वादशीतच होते, दोन्ही साधते. १० तारखेला द्वादशी उरली नसती, तर ९ चा उपास करणाऱ्याचे पारणे त्रयोदशीवर पडले असते आणि हा पर्याय उभाच राहिला नसता. म्हणजे शेवटी त्या ४७ पळांनी वारकऱ्यांच्या उपासाचा वार ठरवला.

आता पारणी पाहू. स्मार्ताचे पारणे ९ तारखेला. द्वादशी २४ तास ४२ मिनिटांची, चतुर्थांश सहा तास दहा मिनिटे, म्हणून हरिवासर दुपारी १२.४१ पर्यंत. एकादशी सकाळी साडेसहालाच संपलेली, समोर नाश्ता, आणि थांबायचे मात्र पाऊण वाजेपर्यंत. भागवताचे पारणे १० तारखेला. त्याला हरिवासराची अडचण नाही, तो आदल्या दुपारीच संपला. त्याची अडचण उलटी आहे: ६.५४ ते ७.१३, फक्त एकोणीस मिनिटे. एकाला घाई करायची नाही आणि दुसऱ्याला उशीर करायचा नाही.

इतकी थोडी द्वादशी उरली असता धर्मशास्त्र सांगते, स्नान, पूजा आणि दुपारची कर्मेसुद्धा उजाडण्याआधी उरकून घ्यावीत, पण पारणे द्वादशीतच करावे. कर्नाटकाकडच्या माध्व मंडळींत अशा दिवसाला साधनी द्वादशी म्हणतात आणि त्या दिवशी सूर्य वर येतो न येतो तोच पाने वाढली जातात. तेही जमत नसेल तर पाण्याने पारणे करावे. पाणी पिणे हे एका दृष्टीने खाणे आणि दुसऱ्या दृष्टीने न खाणे, असे मानल्यामुळे व्रतही तडीस जाते आणि राहिलेली कर्मेही अडत नाहीत. भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीषाची कथा याच पेचावर उभी आहे. द्वादशी संपत आलेली, दुर्वास नदीवर स्नानाला गेलेले, पाहुण्याआधी जेवावे तर अपमान, न जेवावे तर व्रतभंग. राजाने ब्राह्मणांना विचारले आणि पाणी घेतले. पुराणकथा म्हणून आपण ती ऐकतो. धर्मशास्त्राने तिच्यातून एक कामाचा नियम घेतला.

आणि द्वादशी मुळीच उरली नाही तर? उपासाच्या दिवशीच एकादशी संपून द्वादशी लागली आणि दुसऱ्या सूर्योदयाआधी तीही संपली, तर पारणे त्रयोदशीला होते. तेव्हा तो दोष नसतो, कारण पाळण्यासारखी द्वादशी सूर्योदयानंतर हातीच आलेली नसते. थोडक्यात, द्वादशी असून चुकवणे वेगळे आणि नसताना पुढे जाणे वेगळे.

गाव बदलले की निर्णय बदलतो

तिथी संपण्याचा क्षण सगळ्या देशाला एकच असतो. सूर्योदय मात्र गावोगावचा. सांगली साताऱ्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला असल्यामुळे डिसेंबरात तेथे सूर्य तीन-चार मिनिटे आधी उगवतो. १० तारखेला सांगलीकराला पारण्यासाठी एकोणीसऐवजी बावीस-तेवीस मिनिटे मिळाली. निर्णय तोच राहिला, अवकाश थोडा वाढला.

पण पश्चिमेला द्वारकेपर्यंत जाऊन पाहा. तेथे १० डिसेंबरचा सूर्योदय ७.२२ च्या सुमाराचा, म्हणजे द्वादशी ७.१३ ला संपून गेल्यानंतरचा. द्वारकेच्या क्षितिजावर द्वादशीने एकच सूर्योदय पाहिला. म्हणून हाच नियम तेथल्या सूर्योदयाला लावला तर वैष्णवांची एकादशीही ८ तारखेलाच येते. ग्रंथ तोच, आकाश तेच, फक्त क्षितिज वेगळे. दुसऱ्या प्रांतातल्या नातेवाइकाने पाठवलेली पारण्याची वेळ आपल्या घरी जशीच्या तशी का लावू नये, हे यावरून कळते. विशेषतः कड काही मिनिटांवर आली असेल तेव्हा आपल्या भागाचे पंचांगच पाहायला हवे.

सांगलीचे संमेलन आणि घटकांचा वाद

एवढे सगळे मिनिटांवर आल्यावर प्रश्न उरतो: ही मिनिटे बरोबर आहेत कशावरून? या प्रश्नाने महाराष्ट्रात अर्धशतकाहून अधिक काळ वाद घातला आणि त्यातला एक टप्पा सांगलीत पार पडला.

आपल्याकडची जुनी पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ या शके १४४२, म्हणजे १५२० च्या ग्रंथावरून होत. कोकणातल्या नांदगावच्या या ज्योतिष्याने अवघड गणित इतके सोपे केले की साध्या जोश्यालाही वर्षाचे पंचांग मांडता येऊ लागले. पण चंद्राच्या गतीला जुने ग्रंथ एकच मोठी दुरुस्ती देत. प्रत्यक्षात सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या गतीत आणखीही फरक पडतात. गंमत अशी की पौर्णिमा-अमावास्येला हे फरक जुन्या दुरुस्तीत जवळजवळ मिसळून जातात आणि अष्टमीच्या आसपास सर्वांत मोठे होतात; एकादशीलाही ते बरेच असतात. तेव्हा जुन्या पंचांगातली ग्रहणे बऱ्यापैकी जुळत. ग्रहण लोक डोळ्यांनी पाहत, म्हणून पंचांगावर विश्वास बसे. एकादशी संपल्याची आकाशात कोणतीच खूण नसते, म्हणून तिची वेळ पाच-सहा घटकांनी किंवा त्याहून जास्त चुकली तरी कोणाच्या लक्षात येत नसे. ज्या तिथीवर सर्वाधिक लोक उपास करत, तिचीच चूक सर्वांत झाकलेली राहिली.

प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे गणित केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७, म्हणजे १८६५ पासून छापील पंचांगात आणले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या सगळ्या परंपरेचा इतिहास लिहिला. बागलकोटच्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्या गणिताचे ग्रंथच तयार केले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये मुंबईत, १९१७ मध्ये पुण्यात आणि त्यानंतर, त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, सांगलीत ज्योतिष्यांची संमेलने झाली.

जुन्या पक्षाचा आक्षेप केवळ हट्ट नव्हता. धर्मशास्त्रात तिथीच्या वाढीचा आणि घटीचा एक रूढ दंडक होता: ‘बाणवृद्धी रसक्षय’. तिथी फार तर पाच घटका वाढून पासष्टची होते, किंवा सहा घटका घटून चोपन्नची. नव्या गणितात ती सदुसष्टच्या आसपास जाऊ लागली आणि पन्नासपर्यंत उतरू लागली. वेधाचे आणि पारण्याचे नियम जुन्या दंडकावर रचले असतील, तर नवी तिथी त्यांत बसवायची कशी, हा प्रश्न खरा होता. नव्या पक्षाचे उत्तर असे की नियम ‘द्वादशी असताना’ म्हणतो. द्वादशी आकाशात आहे की नाही हे आकाशाला विचारायला हवे. हेच मत पुढे टिकले आणि आज महाराष्ट्रातली प्रचलित पंचांगे दृक्‌गणिताचीच असतात.

त्या काळच्या दुसऱ्या गाजलेल्या वादाशी मात्र एकादशीची गल्लत करू नये. राशिचक्राचा आरंभ रेवतीपासून मोजायचा की चित्रेच्या समोरून, हा अयनांशाचा वाद होता. टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांत त्यामुळे संक्रांत आणि अधिक मास वेगळे पडतात. तिथी म्हणजे मात्र चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर. आरंभबिंदू सरकवला तर दोघेही सारखेच सरकतात आणि अंतर तेच राहते. तेव्हा गणित दोन्हीकडे दृक्‌ असेल तर एकादशी संपण्याची वेळ दोन पंचांगांत एक-दोन मिनिटांपलीकडे वेगळी यायला नको. आली तर एक पंचांग जुन्या गणिताचे आहे असे खुशाल समजावे.

घरी कसे पाहायचे

पारण्याची वेळ स्वतः काढायला पंचांगातले चार आकडे पुरतात: एकादशी संपण्याची वेळ, द्वादशी संपण्याची वेळ, दुसऱ्या दिवसाचा आपल्या गावचा सूर्योदय आणि आपल्या घरची परंपरा, स्मार्त की भागवत. परंपरेवरून उपासाचा वार घ्यायचा. दोन्ही वेळांतले अंतर चाराने भागून एकादशीच्या शेवटात मिळवले की हरिवासर संपतो. तो आणि सूर्योदय यांपैकी जे उशिरा, तेथून पारण्याचा अवकाश सुरू. द्वादशी संपते तेथे तो बंद. यात प्रातःकाळ सापडला तर उत्तम.

आजारी माणसाने, गर्भवतीने किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याने हरिवासरासाठी उपाशी ताटकळावे, असा शास्त्राचाही आग्रह नाही. पूर्ण उपवासाचा अधिकार आठ वर्षांपुढे आणि ऐंशीच्या आतच सांगितला आहे, आणि अशक्तांना दूध, फळे, हविष्यान्न यांची मोकळीक आधीपासून आहे. पाण्याचे पारणे तर कोणालाही करता येते. घरात सासू स्मार्त आणि सून माळकरी घराण्यातली असली की ९ डिसेंबरसारख्या दिवशी एकीचे पारणे आणि दुसरीचा उपास एकाच स्वयंपाकघरात येतात. तेव्हा ‘तुमचे पंचांग चुकीचे’ असे कोणी कोणाला म्हणण्याचे कारण नाही. पंचांग एकच होते. एकीने एकादशीच्या सूर्योदयाकडे पाहिले आणि दुसरीने त्याच्या पुढच्या बारशीकडे.